आठ हजार पोळ्या की चाळीस हजार?

पोळी-भाजी केंद्राची एकच वही, एकाच महिन्याचे आकडे, पण तिघांची उत्तरं तीन. प्रश्न साधा होता: महिन्याला किती पोळ्या विकल्या म्हणजे खर्च भरून निघतो? एकानं सांगितलं ४०,०००. दुसऱ्यानं सांगितलं ८,६१६. तिसऱ्यानं सांगितलं ८,०००. तिघांनीही कॅल्क्युलेटर वापरला होता आणि बेरीज-भागाकारात तिघंही चुकले नव्हते. तरी तीनपैकी दोन उत्तरं चुकीची आहेत. ती चुकीची आहेत हे केंद्र चालवणाऱ्या ताईंना कुठल्याही तज्ज्ञाला न विचारता, त्याच वहीवरून कसं ओळखता येईल, ते या लेखात पाहायचं आहे.

केंद्र उदाहरणासाठी घेतलं आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल ठेवले आहेत. पण अशी केंद्रं पुण्याच्या कुठल्याही उपनगरात गल्लोगल्ली दिसतात. रस्त्याकडेला भाड्याचा गाळा, एक कणीक मळायचं यंत्र, दोन मोठे तवे, पोळ्या लाटणाऱ्या दोन बायका आणि गिऱ्हाइकांना पोळ्या बांधून देणारी, भांडी घासणारी एक मदतनीस. भाजीचा हिशेब सध्या बाजूला ठेवू आणि केंद्र फक्त पोळ्या विकतं असं धरू. पोळीचा भाव १० रुपये.

जानेवारीत १०,००० पोळ्या विकल्या गेल्या आणि गल्ल्यात १ लाख रुपये आले. वहीत खर्च असा: पीठ १८,०००, तेल ५,०००, गॅस ९,०००, लाटणाऱ्या दोघींची मजुरी २०,०००, बटर पेपर आणि पिशव्या ३,०००, गाळ्याचं भाडं १८,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज १,५००, यंत्र जुनं होईल तेव्हा नवं घेण्यासाठी बाजूला काढलेले १,५०० आणि फोन, साफसफाई, परवाना वगैरे किरकोळ ३,०००. एकूण ९१,०००. म्हणजे जानेवारीत ९,००० रुपये उरले.

आता पहिलं उत्तर घ्या, चाळीस हजारांचं. हे उत्तर देणाऱ्यानं विचार केला तो असा: ९१,००० रुपयांत १०,००० पोळ्या झाल्या, म्हणजे एक पोळी ९ रुपये १० पैशांना पडली. विकली १० ला, सुटले ९० पैसे. भाडं, पगार, वीज, यंत्र आणि किरकोळ मिळून दरमहा ३६,००० रुपये द्यावेच लागतात. मग ३६,००० ला ९० पैशांनी भागा: ४०,०००.

ऐकायला हे इतकं रीतसर वाटतं की ताई घाबरून दुकान बंद करायच्या विचाराला लागतील. जानेवारीच्या चौपट पोळ्या आणायच्या कुठून? पण घाबरण्याआधी एक गोष्ट बघायला हवी होती. जानेवारीत १०,००० पोळ्यांवर नफा झालेला आहे. ज्या आकड्यावर नफा होतो, त्याच्या पुढं कुठंतरी ‘ना नफा ना तोटा’ ही जागा असूच शकत नाही. ती मागंच असणार. तोट्याच्या महिन्यातली विक्री ब्रेक-इव्हनच्या खाली हवी आणि नफ्याच्या महिन्यातली वर. या एका नजरेत कितीतरी उत्तरं बाद होतात आणि त्यासाठी कागदसुद्धा लागत नाही.

बाद झालं, पण चुकलं कुठं? ते शोधायला या माणसाचं गणित उलटं चालवून बघू. त्याच्या मते महिन्याचा खर्च म्हणजे ३६,००० अधिक दर पोळीमागे ९ रुपये १० पैसे. तर मग जानेवारीच्या १०,००० पोळ्यांचा खर्च किती यायला हवा? ३६,००० अधिक ९१,०००, म्हणजे १,२७,०००. वही सांगते ९१,०००. ज्या महिन्यावरून हे उत्तर काढलं, तोच महिना ते परत उभा करू शकत नाही. आणि फरक किती पडला ते बघा: बरोबर ३६,०००. भाडं-पगार त्यानं दोनदा मोजला. एकदा ९ रुपये १० पैशांच्या पोटात, कारण सरासरी काढताना भाडंही त्यात वाटलं गेलं होतं. आणि दुसऱ्यांदा वरून वेगळं.

सरासरी खर्चाची ही चूक लहान धंद्यांत सगळ्यात जास्त दिसते, कारण ‘मला एक नग कितीला पडतो’ हा प्रश्न प्रत्येक दुकानदार विचारतो आणि विचारायलाही हवा. पण त्या प्रश्नाचं उत्तर विक्रीनुसार सरकत असतं. १०,००० पोळ्यांना पोळी ९ रुपये १० पैशांना पडली. याच केंद्रानं ५,००० केल्या असत्या, तर तेच ३६,००० निम्म्या पोळ्यांवर वाटले गेले असते आणि पोळी १२ रुपये ७० पैशांना पडली असती. जी संख्या पोळ्यांवर अवलंबून आहे, तिच्या आधारानं पोळ्या किती हव्यात हे काढायचं म्हणजे उत्तर आधीच गृहीत धरून बसायचं. म्हणून ब्रेक-इव्हनमध्ये सरासरीला जागा नाही. तिथं हवा तो फक्त आणखी एक पोळी केल्यानं वाढणारा खर्च.

तो काढण्यासाठी वहीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: उद्या शंभर पोळ्या जास्त केल्या, तर हा खर्च वाढेल का? पीठ वाढेल. एक किलो पिठाच्या साधारण पंचवीस पोळ्या धरल्या आणि दळणासह पीठ ४५ रुपये किलो पडलं, तर पोळीमागे १ रुपया ८० पैसे. तेल ५० पैसे. गॅसचा १९ किलोचा सिलिंडर १,८०० रुपयांचा धरला आणि त्यावर दोन हजार पोळ्या होत असतील तर ९० पैसे. बांधणी ३० पैसे. भाडं वाढणार नाही. गाळामालकाला पोळ्यांशी देणंघेणं नाही. मदतनिसाचा पगार वाढणार नाही. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो दोन ओळींवर, मजुरी आणि वीज.

विजेचा प्रश्न आधी मिटवू, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ वेगळा छापलेला असतो आणि ‘वीज आकार’ वेगळा, युनिटप्रमाणे. म्हणजे हिशेबाची वाटणी बिलानंच अर्धी करून दिलेली असते: स्थिर आकार एका रकान्यात, बाकीचं दुसऱ्या. पण थांबा. युनिटनुसार येणारं सगळं पोळीनुसार बदलतं असं नाही. दिवे आणि पंखे दुकान उघडं असेपर्यंत चालतात, पोळ्या दोनशे असोत की चारशे. पोळ्यांबरोबर वाढतं ते फक्त मळण्याच्या यंत्राचं चालणं. एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण युनिट घेते. दहा किलो कणीक मळायला दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे ०.२ युनिटच्या आतबाहेर. सगळे आकार धरून युनिट १५ रुपयांना पडलं असं समजलं तरी ३ रुपये. आणि दहा किलोच्या पोळ्या होतात अडीचशे. पोळीमागे सव्वा पैसा. महिन्याला दहा हजार पोळ्यांचे सव्वाशे रुपये. एवढ्यासाठी रकाने पाडत बसण्यात अर्थ नाही. सगळं बिल स्थिर खर्चात टाकावं आणि पुढं जावं. कुठल्या ओळीवर डोकं चालवायचं आणि कुठल्या नाही, हे ओळीच्या रकमेवरून ठरवायचं.

पण गिरणीवाल्यानं हे करू नये. त्याच्याकडे चक्कीची मोठी मोटर दिवसभर पिठाबरोबरच चालते आणि बदलत्या खर्चातली सगळ्यात मोठी ओळ वीजच असते. तोच खर्च, तेच बिल. धंदा बदलला की रकाना बदलतो.

आता मजुरी. इथंच दुसरं आणि तिसरं उत्तर वेगळं झालं. ८,६१६ सांगणाऱ्यानं मजुरीचे २०,००० स्थिर खर्चात टाकले. ‘माणसांचा खर्च म्हणजे स्थिर, मालाचा खर्च म्हणजे बदलता’ असं त्यानं कुठंतरी वाचलेलं. त्याचा स्थिर खर्च झाला ५६,०००. पोळीमागे बदलता खर्च उरला पीठ, तेल, गॅस आणि बांधणी मिळून साडेतीन रुपये. १० मधून ते वजा जाता साडेसहा रुपये सुटतात. ५६,००० भागिले ६.५० म्हणजे ८,६१५ आणि थोडं वर. अर्धी पोळी विकता येत नाही म्हणून ८,६१६.

तिसऱ्यानं ताईंना विचारलं, “लाटणाऱ्या मावशींना पैसे कसे देता?” त्या म्हणाल्या, “पोळीमागे दोन रुपये. रोज संध्याकाळी मोजून.” झालं. मजुरी बदलत्या खर्चात गेली. पोळीमागे बदलता खर्च साडेपाच रुपये, सुटतात साडेचार, स्थिर खर्च ३६,०००. भागाकार ८,०००.

आपल्याला पोळीमागचे दोन रुपये माहीत आहेत म्हणून तिसरा बरोबर वाटतो. पण समजा हा संवाद झालाच नसता, नुसती वही पुढ्यात असती, तर? शाळेत शिकवलेली ताळा करायची रीत वापरू: उत्तर परत समीकरणात घालायचं. ८,००० पोळ्या म्हणजे गल्ल्यात ८०,०००. खर्च ३६,००० अधिक ४४,०००, म्हणजे ८०,०००. जुळलं. आता ८,६१६ घालू. गल्ल्यात ८६,१६०. खर्च ५६,००० अधिक ३०,१५६, म्हणजे ८६,१५६. चार रुपयांचा फरक, तोही वरच्या अंकापर्यंत गेल्यामुळे. हेही जुळलं! जानेवारी परत उभा राहतो का ते बघू: पहिल्या वाटणीनं ३६,००० अधिक ५५,०००, दुसऱ्या वाटणीनं ५६,००० अधिक ३५,०००. दोन्ही ९१,०००. दोन्ही पास.

ब्रेक-इव्हन तपासताना बहुतेक लोक इथं येऊन थांबतात आणि ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबर समजतात. पण या ताळ्यानं तपासला तो फक्त भागाकार. वाटणी तपासली गेलीच नाही. ९१,००० रुपये दोन रकान्यांत कसेही टाका. बेरीज ९१,०००च राहणार आणि त्या वाटणीतून निघालेलं उत्तर त्याच वाटणीत घातलं की जुळणारच. मदतनिसाचा पगार बदलत्यात टाका, पीठ स्थिर खर्चात टाका, तरीही जुळेल. जानेवारीच्या आकड्यांवरून काढलेलं उत्तर जानेवारीच्याच आकड्यांनी पारखता येत नाही. त्यासाठी दुसरा महिना लागतो, आणि तोही असा की ज्यात विक्री बरीच वेगळी होती.

पुण्यात असा महिना शोधायला लांब जावं लागत नाही. मे महिन्यात वसतिगृहं आणि शेअरिंगच्या खोल्या रिकाम्या होतात, कुटुंबं गावाला जातात. ताईंच्या वहीत मे महिन्याच्या पोळ्या ७,०००. आता दोन्ही वाटण्यांना वही न दाखवता विचारू, की मेचा खर्च किती असायला हवा? मजुरी बदलती मानणारी वाटणी सांगते ३६,००० अधिक ७,००० गुणिले साडेपाच, म्हणजे ७४,५००. मजुरी स्थिर मानणारी सांगते ५६,००० अधिक ७,००० गुणिले साडेतीन, म्हणजे ८०,५००. जानेवारीत हातात हात घालून चालणारी दोन उत्तरं मेमध्ये सहा हजारांनी फाकली. आता वही उघडायची.

वही सांगते १,१२,६००.

दोन्ही खोटी! शिवाय विक्री तीन हजारांनी घटली आणि खर्च एकवीस हजार सहाशेनं वाढला. या दोन महिन्यांतल्या फरकावरून पोळीमागचा बदलता खर्च काढायला गेलात, तर तो निघतो उणे सव्वासात रुपयांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक जादा पोळीमागे खर्च सात रुपयांनी घटतो. असला आकडा आला की सूत्राला दोष न देता वही बघायची. काय लिहिलंय त्यात?

लिहिलंय ते असं: ‘गहू १२ क्विंटल, ४८,०००.’ उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायची रीत घरात असते तशी या केंद्रातही आहे. बाजारात नवा गहू आलेला असतो, भाव बरा असतो, ताईंनी पुढच्या तीन-चार महिन्यांचा माल घेऊन ठेवला. पैसे मेमध्ये गेले, पण मेमध्ये त्यातले किती खपले? ७,००० पोळ्यांना २८० किलो पीठ. गहू ४० रुपये किलोचा, म्हणजे ११,२०० रुपयांचा. उरलेले ३६,८०० रुपये अजून पिंपात आहेत. मेचा खर्च ते नाहीत. दुसरी ओळ: सिलिंडर ४. सात हजार पोळ्यांना साडेतीन पुरतात. महिनाअखेरीस चौथा अर्धा भरलेला होता. तेही ९०० रुपये वजा. १,१२,६०० मधून दोन्ही काढले की उरतात ७४,९००.

८०,५०० सांगणारी वाटणी ५,६०० रुपयांनी चुकली. ७४,५०० सांगणारी ४०० रुपयांनी, आणि ते ४०० कुठं गेले हेही सापडतं: उन्हाळ्यात पंखे आणि एक्झॉस्ट जास्त चालले, विजेचं बिल चढलं. मजुरी पोळीमागे होती हे आता वहीनंच सांगितलं, कुणाला न विचारता.

हीच तपासणी उलट्या दिशेनंही करता येते आणि हिशेबनीस तिला ‘हाय-लो’ पद्धत म्हणतात. सगळ्यात जास्त विक्रीचा महिना आणि सगळ्यात कमी विक्रीचा महिना घ्यायचा. खर्चातला फरक ९१,००० वजा ७४,९००, म्हणजे १६,१००. पोळ्यांतला फरक ३,०००. भागाकार ५ रुपये ३७ पैसे. ओळीओळीनं काढलेल्या साडेपाचशी तेरा पैशांचा फरक. मग १०,००० पोळ्यांचे ५३,७०० रुपये ९१,००० मधून वजा करा, स्थिर खर्च निघतो ३७,३००. त्यावरून ब्रेक-इव्हन येतो ८,०५६च्या आसपास. दोन वेगळ्या वाटांनी, एका वाटेवर ओळी रकान्यांत वाटून आणि दुसरीवर तशी वाटणी न करता, आपण जवळपास त्याच ठिकाणी पोचलो. असं झालं तर उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन वाटांचं अंतर हजार-दीड हजार पोळ्यांचं असतं, तर कुठली तरी ओळ चुकीच्या रकान्यात आहे हे नक्की.

या पद्धतीचे दोष माहीत असावेत. ती दोनच महिन्यांवर उभी असते, त्यामुळे त्यातला एक जरी विचित्र निघाला तरी उत्तर वाकडं होतं. वर्षाचे बारा महिने मिळत असतील तर आलेखाच्या कागदावर आडव्या रेघेला पोळ्या, उभ्या रेघेला खर्च असे बारा ठिपके मांडावेत. ठिपके एका तिरक्या रेषेच्या आसपास पडायला हवेत आणि ती रेष उभ्या रेघेला जिथं टेकेल, तो स्थिर खर्च. जो ठिपका फटकून दूर पडतो, त्या महिन्याच्या वहीत गव्हासारखं काहीतरी सापडतंच. दुसरं म्हणजे भाव. व्यावसायिक सिलिंडरचे दर तेल कंपन्या सहसा महिन्याच्या १ तारखेला बदलतात. जानेवारी आणि मेमध्ये दर वेगळे असतील, तर खर्चातल्या फरकात पोळ्यांचा वाटा किती आणि भाववाढीचा किती हे कळणार नाही. अशा वेळी दोन्ही महिन्यांचा गॅस, पीठ आणि तेल आजच्याच भावानं मोजावं. वापर महिन्याचा आणि भाव आजचा.

मजुरीकडे पुन्हा एकदा वळतो, कारण ८,६१६ सांगणारा मूर्ख नव्हता. त्याचं गणित एका वेगळ्या केंद्रासाठी अगदी बरोबर आहे. ताईंनी उद्या त्या दोघींना दरमहा दहा-दहा हजारांचा पगार ठरवून दिला, तर मजुरी खरोखरच स्थिर होईल आणि ब्रेक-इव्हन ८,६१६ वर जाईल. माणसं तीच, काम तेच, जानेवारीचा नफाही तोच ९,०००. पण मेसारख्या महिन्यात पोळीमागे मजुरी देणाऱ्या केंद्राला साडेचार हजारांचा तोटा होतो, तर पगारी केंद्राला साडेदहा हजारांचा. उलट विक्री १३,००० वर गेली तर पहिल्याला साडेबावीस हजार नफा, पगारवाल्याला साडेअठ्ठावीस. म्हणजे खर्च स्थिर की बदलता हे त्याच्या नावावरून ठरत नाही. पैसे कसे द्यायचे ठरलं आहे, त्यावरून ठरतं.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडचं उदाहरण इथं चपखल बसतं. तिथं मळलेलं पीठ बायका घरी नेतात, लाटून-वाळवून पापड आणून देतात आणि वजनावर मजुरी घेतात. लाटण्याची मजुरी तर बदलती झालीच, शिवाय लाटण्यासाठी लागणाऱ्या जागेचं भाडं, जो एरवी स्थिर खर्च, तोही मोठ्या प्रमाणात उरला नाही.  मोजून मजुरी देण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती हिशेबाच्या पुस्तकात सहसा नसते: मंदीच्या महिन्याचा फटका मालकाऐवजी लाटणाऱ्या बाईच्या घरी जातो. ताईंच्या केंद्रात मे महिन्यात त्या दोघींच्या हातात वीसऐवजी चौदा हजार पडले. म्हणून बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग असतो, रोज अमुक पोळ्यांचे पैसे नक्की, त्यावर मोजून. तसं असेल तर तेवढी किमान मजुरी स्थिर खर्चात टाकावी आणि वरची बदलत्यात.

आतापर्यंत आपण एक गोष्ट न तपासता धरून चाललो आहोत, की लाटलेली प्रत्येक पोळी विकली गेली. खर्च लाटलेल्या पोळ्यांवर होतो, पैसे विकलेल्या पोळ्यांचे येतात. वहीत ‘पोळ्या’ या शब्दाखाली नेमकं काय मोजलंय, हे पाहणं म्हणून गरजेचं. ताळा सोपा आहे: मजुरीच्या रकमेला दोननं भागा, लाटलेल्या पोळ्या मिळतील. गल्ल्याच्या रकमेला दहानं भागा, विकलेल्या मिळतील. ताईंच्या जानेवारीत २०,००० आणि १,००,०००, दोन्हींतून दहा हजारच येतात, कारण त्या डब्यांच्या ऑर्डरी आदल्या दिवशी घेतात. पण दुसऱ्या एखाद्या केंद्रात शंभरातल्या तीन पोळ्या रात्री उरत असतील, तर विकल्या जाणाऱ्या ९७ पोळ्यांना शंभरांचा खर्च सोसावा लागतो. पोळीमागे साडेपाचाचे ५ रुपये ६७ पैसे होतात, सुटतात ४ रुपये ३३ पैसे आणि ८,००० चं उत्तर ८,३१५च्या घरात जातं. तीन टक्के वाया जाण्याची किंमत महिन्याला तीनशेहून जास्त पोळ्या.

उत्तर कुठपर्यंत खरं आहे, त्यालाही हद्द आहे. ३६,००० स्थिर म्हणजे कायमचे स्थिर नव्हेत. दोन तवे आणि एक मदतनीस पुरेपर्यंत स्थिर. पोळ्या दिवसभर सारख्या विकल्या जात नाहीत, सकाळी डब्यांच्या वेळेला आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला झुंबड उडते. त्या तासांत हात कमी पडले की अर्धवेळ आणखी एक मदतनीस घ्यावी लागते. तिला ४,५०० दिले, की स्थिर खर्च ४०,५०० आणि ब्रेक-इव्हन एकदम १,००० पोळ्यांनी पुढं, ९,००० वर. विक्री वाढवायच्या बेतात असलेल्यानं जुन्या ८,००० वर विसंबून राहू नये. ज्या विक्रीचा विचार चालला आहे, त्या विक्रीला लागणारा स्थिर खर्च धरून भागाकार पुन्हा करावा.

कर्जाचा हप्ता हा आणखी एक हमखास घोळ. हप्त्यातलं व्याज खर्च आहे, मुद्दल नाही. मळायचं यंत्र कर्जावर घेतलं असेल आणि त्याच्या झिजेचे १,५०० स्थिर खर्चात धरले असतील, तर त्याच यंत्राच्या कर्जाची मुद्दलही धरणं म्हणजे एकच यंत्र दोनदा विकत घेणं. मात्र मुद्दल खिशातून जातेच. तेव्हा ‘खर्च किती पोळ्यांवर भरून निघतो’ आणि ‘महिनाअखेरीला हातात रोकड किती पोळ्यांवर पुरते’ हे दोन वेगळे भागाकार करावेत. पहिल्यात झीज धरावी आणि मुद्दल सोडावी. दुसऱ्यात मुद्दल धरावी आणि झीज सोडावी.

आणि शेवटी वहीत नसलेली ओळ. पहाटे पाचला गाळा उघडणाऱ्या, गहू आणणाऱ्या, गल्ल्यावर बसणाऱ्या ताईंच्या स्वतःच्या कामाचे पैसे या ३६,००० मध्ये कुठंच नाहीत. दुसऱ्याच्या केंद्रात हेच काम करायला त्यांना १८,००० मिळाले असते, असं धरू. ते स्थिर खर्चात टाकले की तो होतो ५४,०००, आणि साडेचारनं भागला की उत्तर येतं १२,०००. पोळीमागचे पैसे आणि पोळीचा भाव तेच राहिले, ब्रेक-इव्हन मात्र दीडपट झाला. ८,००० चुकीचं ठरत नाही. केंद्र बंद करायचं का, हे ठरवायला ते चालेल. ताईंनी हे काम करत राहावं का, हे ठरवायला १२,०००चा आकडा लागेल. त्या हिशेबानं जानेवारीत केंद्राला ९,००० रुपयांचा नफा झालेला नाही, ९,००० रुपये कमी पडले आहेत.